बहिणीच्या लग्नाची रजा, प्राचार्यांना लिहिलेला अर्ज आणि ऐंशी टक्क्यांचा हिशेब

ताईच्या लग्नाची तारीख २१ मार्च ठरली, तेव्हा घरातले सगळे आनंदात होते आणि माझ्या मनात मात्र आमच्या चौथ्या सत्राचे वेळापत्रक फिरत होते. मी बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीच्या शेवटी तापाने आजारी पडल्यामुळे माझी हजेरी आधीच घसरलेली होती, आणि त्यातच लग्नासाठी रजा मागायची होती. अर्ज कसा लिहावा, त्यात हजेरीचा विषय स्वतःहून काढावा की नाही, आणि प्राचार्यांकडे नेमके काय मागावे, हे मला कोणी नीट सांगू शकले नाही. म्हणून सगळे पार पडल्यावर हा अनुभव क्रमाने लिहीत आहे.

आधी आमच्याकडचा नियम सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या बी. फार्म. नियमावलीनुसार सत्रान्त परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ८० टक्के उपस्थिती लागते, आणि थिअरी व प्रॅक्टिकल यांची टक्केवारी वेगवेगळी धरली जाते. म्हणजे सगळ्या विषयांची सरासरी ८८ टक्के असली, पण एका प्रॅक्टिकलमध्ये ७९ टक्के भरले, तर त्या प्रॅक्टिकलपुरते आपण अपात्र ठरतो. इतर अभ्यासक्रमांत हा आकडा वेगळा असतो आणि काही ठिकाणी सरासरीही चालते, त्यामुळे अर्जाला हात घालण्यापूर्वी आपल्या अभ्यासक्रमाची नियमावली स्वतः वाचलेली बरी. शिवाय आमच्याकडे हजेरीला गुणही असतात. अंतर्गत मूल्यमापनात थिअरीच्या प्रत्येक विषयात हजेरीचे ४ आणि प्रॅक्टिकलमध्ये २ गुण आहेत. ९५ टक्के किंवा त्याहून अधिक हजेरीला पूर्ण गुण मिळतात आणि पुढे दर पाच टक्क्यांच्या पायरीला थिअरीत एकेक आणि प्रॅक्टिकलमध्ये अर्धा अर्धा गुण कमी होत जातो.

१ मार्चला, शनिवारी, मी हजेरी विभागात जाऊन माझे आकडे विषयवार लिहून घेतले. एकूण टक्केवारी विचारली तर तेवढीच सांगतात. म्हणून प्रत्येक विषयात किती तास झाले आणि मी किती तासांना हजर होते, असे दोन्ही आकडे मागितले. माझा आजार २९ जानेवारीच्या बुधवारी सुरू झाला होता आणि ५ फेब्रुवारीच्या बुधवारपर्यंत मी घरीच होते. आठवडाभराचीच गैरहजेरी, पण तिच्यात बुधवार दोन आले. बुधवारी दुपारी आमच्या बॅचचे मेडिसिनल केमिस्ट्रीचे प्रॅक्टिकल असते, त्यामुळे तोपर्यंत झालेल्या ६ प्रॅक्टिकलपैकी माझी हजेरी ४, म्हणजे ६६.७ टक्के होती. गुरुवारच्या फार्माकोग्नोसीत आणि सोमवार-मंगळवारच्या दोन प्रॅक्टिकलमध्ये ६ पैकी ५ होती.

हे आकडे पाहून धास्ती बसली, पण आजची टक्केवारी एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. सत्र संपेल तेव्हा किती भरेल, ते काढावे लागते. मी शैक्षणिक दिनदर्शिका घेतली आणि १३ जानेवारीपासून ३ मेपर्यंतचे सोळा आठवडे मोजले. त्यांतले दोन आठवडे सेशनल परीक्षांचे होते, त्यांत प्रॅक्टिकल होत नाही. राहिले चौदा, म्हणजे बुधवारची १४ प्रॅक्टिकल. चौदाचे ८० टक्के ११.२ होतात, पण प्रॅक्टिकलला अर्धवट हजर राहता येत नाही, म्हणून किमान १२ हवीत. याचा अर्थ सबंध सत्रात फक्त दोन बुधवार चुकवता येत होते, आणि ते दोन्ही तापात गेले होते. तिसरा बुधवार चुकला असता तर १४ पैकी ११, म्हणजे ७८.६ टक्के झाले असते आणि मेडिसिनल केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बसता आले नसते.

गुरुवारचा हिशेब आणखी बारीक निघाला. १ मे गुरुवारी येत होता आणि त्या दिवशी सुट्टी असते, त्यामुळे फार्माकोग्नोसीची प्रॅक्टिकल १४ ऐवजी १३ च होणार होती. तेराचे ८० टक्के १०.४, म्हणजे किमान ११ हवीत. एक तापात गेले होते. लग्नाच्या आठवड्यातले दुसरे गेले तर १३ पैकी ११, म्हणजे ८४.६ टक्के, आणि त्यानंतर एकही गुरुवार चुकवायची सोय नाही. प्रॅक्टिकल आठवड्यातून एकदाच असते आणि त्या एका दुपारची टक्केवारीत किंमत सात-आठ टक्के असते, ही गोष्ट रजेचे दिवस ठरवताना सगळ्यांत आधी पाहायला हवी. थिअरीचा एखादा तास बुडाला तर दोन टक्क्यांहून कमी फरक पडतो.

घरच्यांना मी बुधवार ते शनिवार हवी होते. वडिलांना मी हा कागद दाखवला. बुधवारचे प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळी निघते आणि गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशी तीन दिवसांची रजा मागते, असे आमचे ठरले. आई थोडी नाराज झाली. ताईने मात्र आकडे स्वतः तपासले आणि म्हणाली, "बुधवारी रात्रीपर्यंत पोचलीस तरी पुष्कळ आहे. परीक्षा अडकवून येऊ नकोस."

आता अर्ज. मित्रमैत्रिणींकडे जुने अर्ज मागितले, तर बहुतेकांच्या शेवटी एकच वाक्य होते : "तरी माझी या दिवसांची उपस्थिती ग्राह्य धरावी, ही विनंती." हे वाक्य आपल्या अर्जात घालावे का, म्हणून मी ३ मार्चला सकाळी वर्ग समन्वयक मॅडमना भेटले. त्यांनी जे सांगितले ते या सगळ्या प्रकरणातले सगळ्यांत उपयोगाचे होते. रजा मंजूर होणे आणि हजेरी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रजा मंजूर झाली म्हणजे विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल कारवाई होत नाही, पालकांना पत्र जात नाही, आणि बुडालेले काम भरून काढायला शिक्षकांची मदत मागता येते. पण तास झालेला असतो, आपण तिथे नसतो, त्यामुळे हजेरीपटावर गैरहजेरीच लागते आणि टक्केवारी काढताना तो तास एकूण तासांत धरला जातोच. "जे प्राचार्यांच्या हातात नाही ते मागितलं, तर जे त्यांच्या हातात आहे तेही मागे राहतं," असे त्या म्हणाल्या. त्यामुळे अर्जात मी तीनच गोष्टी ठेवल्या : रजेची विनंती, हजेरी सत्राअखेर नियमात बसते याचा हिशेब, आणि बुडणारा प्रयोग भरून काढण्याची परवानगी.

तिसरी गोष्ट सुचली ती वेळापत्रक पाहताना. आमच्या वर्गाच्या तीन बॅच आहेत. तिसऱ्या बॅचचे फार्माकोग्नोसीचे प्रॅक्टिकल शुक्रवारी असते आणि ती बॅच आमच्यापेक्षा एक प्रयोग मागे होती. म्हणजे आमची बॅच जो प्रयोग २० मार्चला करणार, तोच ती बॅच २८ मार्चला करणार होती, आणि शुक्रवारी दुपारी मी मोकळी असते. विषयाच्या शिक्षकांना विचारले, तेव्हा "माझी हरकत नाही, पण दुसऱ्या बॅचमध्ये बसवायचं तर प्राचार्यांची लेखी परवानगी आण," असे ते म्हणाले. ही चौकशी अर्जाच्या आधी केल्यामुळे अर्जात "शिक्षकांशी बोलणे झाले आहे" असे खरेपणाने लिहिता आले.

अर्ज मी हाताने, एका पानात बसेल असा लिहिला. तो जसाच्या तसा देते, फक्त नावे वगळली आहेत.

दिनांक : ३ मार्च

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव)

मार्फत : वर्ग समन्वयक, बी. फार्म. द्वितीय वर्ष

विषय : सख्ख्या बहिणीच्या विवाहासाठी दि. २० ते २२ मार्च अशी तीन दिवसांची रजा मिळणे व त्या काळातील उपस्थितीबाबत.

महोदय,

मी बी. फार्म. द्वितीय वर्ष, चौथे सत्र, बॅच २ ची विद्यार्थिनी आहे. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा विवाह शुक्रवार, दि. २१ मार्च रोजी बाहेरगावी होणार आहे. त्यासाठी मला गुरुवार, दि. २० ते शनिवार, दि. २२ मार्च या तीन दिवसांची रजा मिळावी, अशी विनंती आहे. बुधवार, दि. १९ मार्च रोजी मी सर्व तासांना व प्रॅक्टिकलला उपस्थित राहीन आणि सोमवार, दि. २४ मार्च रोजी सकाळी पहिल्या तासाला हजर होईन.

दि. २९ जानेवारी ते ५ फेब्रुवारी या काळात आजारपणामुळे मी गैरहजर होते व त्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच वेळी सादर केले आहे. त्यामुळे माझी उपस्थिती कमी झालेली आहे, याची मला जाणीव आहे. दि. १ मार्चच्या नोंदीनुसार मेडिसिनल केमिस्ट्री प्रॅक्टिकलमध्ये माझी उपस्थिती ६ पैकी ४ आहे. मागितलेल्या रजेत या विषयाचे प्रॅक्टिकल येत नाही व यापुढील सर्व प्रॅक्टिकलना उपस्थित राहिल्यास सत्राअखेर ती १४ पैकी १२ होईल. फार्माकोग्नोसी प्रॅक्टिकलमध्ये रजेमुळे एक प्रॅक्टिकल चुकेल व सत्राअखेर उपस्थिती १३ पैकी ११ होईल. थिअरीमध्ये सर्वांत कमी उपस्थिती ऑरगॅनिक केमिस्ट्रीत राहील व तीही ८० टक्क्यांहून अधिक असेल. विषयवार तक्ता सोबत जोडला आहे. रजेनंतर सत्र संपेपर्यंत मी अन्य रजा मागणार नाही.

दि. २० मार्च रोजी चुकणारा फार्माकोग्नोसीचा प्रयोग बॅच ३ मध्ये दि. २८ मार्च रोजी होणार आहे. त्या दिवशी तो प्रयोग पूर्ण करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. याबाबत विषय शिक्षकांशी माझे बोलणे झाले आहे.

आपली विश्वासू,
(विद्यार्थिनीची सही, हजेरी क्रमांक)

पालकांची सही :

सोबत : १. विवाहाची निमंत्रणपत्रिका २. विषयवार उपस्थितीचा तक्ता

काही शब्द मी मुद्दाम निवडले होते. "सख्ख्या" हा शब्द विषयाच्या ओळीतच घातला, कारण नात्यातल्या लग्नांसाठी येणाऱ्या अर्जांची कार्यालयाला इतकी सवय असते की चुलत-मावस भावंडांचे लग्न समजून अर्ज बाजूला पडण्याची शक्यता असते. "काही दिवस" किंवा "लग्नकार्यासाठी" असे मोघम न लिहिता निघण्याचा आणि परत येण्याचा दिवस लिहिला. हजेरीच्या परिच्छेदात कमी असलेला आकडा आधी आणि भरून निघणारा आकडा नंतर ठेवला. तो आकडा हजेरी विभागाच्या नोंदीत दिसणारच असतो. आपण लिहिला नाही तर प्राचार्य तो कारकुनाकडून मागवतात आणि मग आपला हिशेब सांगायला आपण तिथे नसतो. आजारपणाचा उल्लेख दोन वाक्यांत संपवला. दयेची याचना कुठेही केली नाही. दुसऱ्या परिच्छेदातल्या "यापुढील सर्व प्रॅक्टिकलना उपस्थित राहिल्यास" या शब्दांवर मात्र मी बराच विचार केला, कारण ते लिहिल्यावर पाळावे लागणार होते.

सही-शिक्क्यांचा क्रम असा होता. ३ मार्चला अर्ज लिहून तयार झाला, पण पालकांची सही हवी होती आणि वडील परगावी राहतात. कार्यालयाला स्कॅन केलेली सही चालते का, हे विचारून घेतले. ती चालते, मात्र मूळ प्रत नंतर द्यावी लागते, असे सांगण्यात आले. ५ मार्चला समन्वयक मॅडमनी अर्जाच्या डाव्या समासात "शिफारस आहे. तक्ता तपासला." असा शेरा लिहून सही केली. त्यांनी आकडे खरोखरच हजेरीपटाशी ताडून पाहिले, म्हणून तक्ता बरोबर असणे किती गरजेचे आहे ते लक्षात यावे. त्याच दिवशी दुपारी कार्यालयात आवक-जावक खिडकीवर अर्ज दिला आणि बरोबर नेलेल्या झेरॉक्स प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. ही पोच घेताना संकोच वाटतो, समोरचा माणूसही कधी कधी "कशाला हवी?" असे विचारतो, पण ती नम्रपणे मागून घ्यावी.

यानंतरचे दिवस वाट पाहण्याचे होते. १० मार्चपर्यंत काही कळले नाही. चौकशी केली, तर अर्ज प्राचार्यांच्या टेबलावरच्या फाइलीत असल्याचे समजले. माझ्याकडे आवक क्रमांक होता, म्हणून शोधायला वेळ लागला नाही. त्या दिवसांत मनात सारखे येत असे की आजारपणाचा उल्लेख केला नसता तर बरे झाले असते का. रजा नाकारली गेली तर काय करायचे, हेही मी ठरवून ठेवले होते : शुक्रवारी एकच दिवस जायचे आणि तसा सुधारित अर्ज द्यायचा.

११ मार्चला प्राचार्यांनी बोलावले. अर्ज त्यांच्या समोर उघडा होता आणि तक्त्यातल्या गुरुवारच्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. त्यांनी विचारले, "तेरापैकी अकरा. आणि एप्रिलमध्ये पुन्हा ताप आला तर?" मी म्हटले, "सर, मग मी अपात्र ठरेन, हे मला माहीत आहे. म्हणूनच बुधवारची रजा मागितलेली नाही." त्यांनी पुढे विचारले की २८ मार्चला दुसऱ्या बॅचबरोबर प्रयोग केला, तर त्याची हजेरी मिळावी अशी माझी अपेक्षा आहे का. नियमात बसत असेल तर आनंदच होईल, पण अर्जात मी फक्त प्रयोगाची परवानगी मागितली आहे, असे मी सांगितले. त्यांनी तिथेच शेरा लिहिला : "रजा मंजूर. प्रयोग बॅच ३ सोबत करण्यास परवानगी. उपस्थिती नियमानुसार." शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट होता. प्रयोग करता येईल, जर्नलमध्ये तपासला जाईल, पण २० मार्चच्या रकान्यात गैरहजेरीच राहील. मला क्षणभर वाईट वाटले, तरी तक्ता मी हे गृहीत धरूनच केला होता, त्यामुळे हिशेब बदलला नाही.

मंजूर अर्जाच्या झेरॉक्स काढून एक समन्वयक मॅडमना, एक फार्माकोग्नोसीच्या सरांना आणि एक हजेरी विभागाला दिली. मंजुरी आपोआप खाली पोचत नाही, ती आपणच पोचवावी लागते. १९ मार्चला प्रॅक्टिकल संपवून पाच वाजता निघाले. निघण्यापूर्वी त्या दिवशीचे जर्नल तपासून घेतले, कारण अपुरे जर्नल मागे ठेवून गेले असते तर पुढच्या बुधवारी दोन प्रयोग एकदम लिहावे लागले असते. लग्नात तीन दिवस मोकळ्या मनाने राहता आले. ताई सासरी निघाली तेव्हा मी तिच्याजवळ होते, यासाठीच तर सगळी धडपड होती.

२४ मार्चला पहिल्या तासाला हजर झाले आणि पालकांच्या सहीची मूळ प्रत कार्यालयात दिली. २८ मार्चला तिसऱ्या बॅचबरोबर प्रयोग केला. त्या बॅचच्या हजेरीपटावर माझे नाव नसल्यामुळे सरांनी जर्नलच्या पानावरच तारीख घालून सही केली. पुढचे पाच आठवडे मात्र कठीण गेले. एप्रिलमध्ये एका गुरुवारी डोके प्रचंड दुखत होते, तरी प्रॅक्टिकलला गेले आणि सरांना आधीच सांगून बसून काम केले.

५ मेला पात्र विद्यार्थ्यांची यादी लागली. मेडिसिनल केमिस्ट्री प्रॅक्टिकल १४ पैकी १२, म्हणजे ८५.७ टक्के. फार्माकोग्नोसी १३ पैकी ११, म्हणजे ८४.६ टक्के. दोन्हींत पात्र. गुणांचा हिशेबही सांगायला हवा, कारण रजेचा खरा खर्च तिथेच दिसतो. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे ५५ तास झाले. आजारात ५ बुडाले होते. लग्न नसते तर ५० तास भरून ९०.९ टक्के आणि ४ पैकी ३ गुण मिळाले असते. लग्नाचे ३ तास गेल्यावर ४७ तास, ८५.५ टक्के आणि २ गुण. बुधवारीही निघाले असते तर ४६ तास, ८३.६ टक्के आणि एकच गुण. फार्माकोग्नोसी प्रॅक्टिकलचा एक गुणही असाच गेला. ताईच्या लग्नासाठी एवढे गुण जायला माझी ना नव्हती, पण ते जाणार हे अर्ज देण्याच्या आधी माहीत होते, म्हणून यादीपुढे उभी असताना नवे असे काही कळले नाही.

शिक्का मारलेली पोच आणि मंजूर अर्जाची प्रत मी निकाल लागेपर्यंत फाइलमध्ये ठेवणार आहे. अंतर्गत गुणांच्या यादीत हजेरीची नोंद चुकली, तर दाखवायला तेच कागद लागतात.